सहा हजारांत क्वांटिटी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून: "दिवसाची लॉस लिमिट 6000 आहे, तर एका ट्रेडमध्ये किती शेअर घ्यायचे? आणि तीन स्टॉप लागले तरी चौथा घेऊ का?"

इंदूरच्या आपल्या डेस्कवर नव्या ट्रेडरने एका ट्रेडमध्ये 1500 च्या वर गमवायचे नाहीत. क्वांटिटी मार्जिनवरून ठरत नाही, स्टॉपवरून ठरते. समजा शेअर 820 ला घेतला आणि स्टॉप 812 ला आहे. शेअरमागे 8 रुपये झाले, पण स्टॉप नेमका 812 लाच भरेल असं गृहीत धरू नका. स्लिपेजसाठी 1 रुपया जास्त धरा, म्हणजे 9. ब्रोकरेज, एसटीटी वगैरे मिळून साधारण 90 ते 100 रुपये जातात. उरलेल्या 1400 ला 9 ने भागलं की 155 येतात. 150 घ्या.

असे तीन स्टॉप लागले की सुमारे 4300 गेले, 1700 उरले. इथेच नवे लोक चुकतात. सकाळचीच क्वांटिटी टाकतात, किंवा भरपाईसाठी दुप्पट करतात. चौथा ट्रेड घेता येईल, पण उरलेल्या रकमेच्या निम्म्यावरच, म्हणजे 850 वर. त्याच स्टॉपने हिशेब केला तर 85 शेअर. तोही गेला तर दिवस संपला, कारण हजाराच्या आत उरलं की ब्रोकरेजचा वाटाच फार मोठा होतो.

लिमिट मोजताना बुक झालेला तोटा आणि चालू पोझिशनचा तोटा एकत्र धरा. 4300 बुक झालेत आणि हातातली पोझिशन 1200 मायनस आहे, तर तुम्ही 5500 वर आहात. "अजून बुक कुठे केलाय" हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. दोन बँकांचे शेअर एकाच बाजूने घेतले असतील तर तो एकच ट्रेड समजा. 1500 दोघांत मिळून.

स्टॉपचं एक नीट बघून ठेवा. ट्रिगर 812 आणि लिमिट 811 दिलीत आणि भाव झटक्यात 810 ला गेला, तर ऑर्डर भरत नाही. ऑर्डर बुकात ती "Trigger Pending" वरून "Open" होते आणि तिथेच अडकते. स्टॉप लागला असं समजून ट्रेडर पुढच्या चार्टकडे वळतो आणि तोटा वाढत राहतो. ट्रिगर झाल्यावर "Complete" दिसलं का ते बघा. दिसलं नाही तर त्याच क्षणी ऑर्डर मार्केट करा. भाव परत येईल म्हणून थांबू नका.

6000 ला सिस्टिम पोझिशन आपोआप कापते, पण तीही मार्केट ऑर्डरनेच. पातळ शेअरमध्ये त्यामुळे 6000 चे 6800 होऊ शकतात. म्हणून 5500 दिसले की स्वतः बाहेर पडा, टर्मिनल लॉगआउट करा आणि मला सांगा. लिमिट त्या दिवशी वाढवून मिळणार नाही, सेटअप कितीही चांगला दिसला तरी.