आमची वाटचाल : तुटलेली शिल्लक आणि हरवलेली ओळ

सोलापुरात नवी पेठेतील एका छोट्या खोलीत आम्ही दोघी बहिणींनी हिशेबलेखनाचे काम सुरू केले, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक चादरी आणि टॉवेलचे कारखानदार होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर दर महिन्याच्या नोंदी वेळेत पूर्ण करण्याची गरज वाढली आणि अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतून बँक स्टेटमेंटचे गठ्ठे आमच्याकडे येऊ लागले. पुढे गठ्ठ्यांची जागा मोबाइलवर काढलेल्या फोटोंनी घेतली, आणि फोटोतील आकडे एक्सेलमध्ये उतरवणारा ओसीआर प्रोग्राम आम्ही वापरू लागलो. आमच्या कामाची पद्धत ज्या एका प्रसंगाने बदलली, तो याच काळातला आहे.

टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका ज्येष्ठ ग्राहकांचे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, चालू खात्याचे वर्षभराचे स्टेटमेंट आम्ही फोटोंवरून उतरवले होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी चढवल्यावर वर्षअखेरची शिल्लक स्टेटमेंटमधील शिलकेपेक्षा ४,९८२.३० रुपयांनी कमी आली. आम्ही ही रक्कम नावे, म्हणजे खात्यातून गेलेल्या, आणि जमा या दोन्ही रकान्यांत शोधली, एखादी रक्कम चुकीच्या रकान्यात गेली असेल म्हणून तिची निम्मी रक्कम शोधली, आणि शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असतील म्हणून तिला नऊने भाग जातो का तेही पाहिले. परंतु या आकड्याशी जुळणारे काहीही सापडले नाही आणि तो फरक आम्ही सस्पेन्स, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या, खात्यात टाकून वही पुढे पाठवली. अण्णांच्या सीए साहेबांनी ती परत पाठवली. अण्णा स्वतः कार्यालयात आले आणि शांतपणे एवढेच म्हणाले, “ताई, बँकेने प्रत्येक ओळीसमोर शिल्लक छापली आहे. तुम्ही फक्त शेवटचीच का बघता?”

त्यांचे म्हणणे खरे होते. शिलकेचा रकाना आम्ही उतरवून घेतच नव्हतो. टॅली शिल्लक स्वतः काढते, मग ती वेगळी कशाला वाचायची, असा आमचा विचार होता. प्रत्यक्षात तो रकाना हीच प्रत्येक ओळीची स्वतंत्र साक्ष असते, कारण ती बँकेच्या संगणकाने काढलेली असते आणि आमच्या वाचनातील चूक तिला माहीत नसते. आधीच्या ओळीची शिल्लक, वजा या ओळीची नावे रक्कम, अधिक या ओळीची जमा रक्कम, याचे उत्तर या ओळीत छापलेल्या शिलकेइतके आलेच पाहिजे. एक्सेलमध्ये बी रकान्यात नावे, सी रकान्यात जमा आणि डी रकान्यात शिल्लक असेल, तर तिसऱ्या ओळीसाठी हे सूत्र पुरते आणि तेच खालपर्यंत ओढता येते:

```
=ROUND(D3-(D2-B3+C3),2)
```

उत्तर शून्य आले, तर एका ओळीतून पुढच्या ओळीत जाणारी शिलकेची साखळी अखंड आहे. राउंड न लावल्यास पैशांच्या दशांशांमुळे संगणकात अतिसूक्ष्म अवशेष राहतात आणि बरोबर असलेल्या ओळीही तुटलेल्या दिसतात, म्हणून ते वगळू नये.

अण्णांचे स्टेटमेंट आम्ही पुन्हा वाचून घेतले, या वेळी शिलकेसह, आणि सूत्र खालपर्यंत ओढले. संपूर्ण वर्षात साखळी दोनच ठिकाणी तुटली आणि दोन्ही ठिकाणे एकमेकांजवळच निघाली. पहिल्या ठिकाणी आधीच्या ओळीची शिल्लक ३,५६,०६६.५० होती, वीजबिलाची नावे रक्कम २८,४७० वाचली गेली होती आणि छापील शिल्लक ३,३२,५९६.५० होती. हिशेबाने ती ३,२७,५९६.५० यायला हवी होती. म्हणजे फरक ५,००० रुपयांचा. एकच अंक आणि त्यापुढे शून्ये, असा फरक दिसला की एखाद्या आकड्यातील एकच अंक चुकीचा वाचला गेल्याची शक्यता मोठी असते, आणि हजाराच्या स्थानी पाचाचा फरक म्हणजे तीनचा आठ झालेला असू शकतो. फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा रक्कम २३,४७० निघाली. कागदाच्या घडीवरची रेघ तीनच्या डाव्या बाजूने गेल्यामुळे तो आकडा आठसारखा दिसत होता.

दुसऱ्या ठिकाणी मागची शिल्लक ३,३२,५९६.५० होती, पुढे मजुरीसाठी काढलेले ६०,००० होते आणि छापील शिल्लक २,७२,५७८.८० होती. अपेक्षेपेक्षा १७.७० रुपये कमी. येथे ६०,००० हा आकडा स्पष्ट वाचता येत होता, दोन्ही शिलका स्पष्ट होत्या आणि पुढची साखळीही बिनचूक जुळत होती. याचा अर्थ या दोन ओळींच्या मध्ये १७.७० रुपयांची एक नावे नोंद आहे आणि ती आमच्या तक्त्यात आलेलीच नाही. फोटोत पानाच्या तळाशी, फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याच्या सावलीत ती ओळ होती: एसएमएस शुल्क १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

५,००० मधून १७.७० वजा केले की ४,९८२.३० उरतात. शेवटच्या शिलकेत दोन परस्परविरोधी चुका एकमेकींत मिसळल्या होत्या, म्हणून तो आकडा आम्हाला स्टेटमेंटमध्ये कोठेही सापडणे शक्यच नव्हते. ओळीओळीने तपासल्यावर त्या आपोआप वेगळ्या झाल्या, कारण प्रत्येक ओळ छापील शिलकेवरून नव्याने सुरू होते आणि मागची चूक पुढे वाहून नेत नाही. मला आजही वाटते की आमच्या कामात याहून उपयोगी गोष्ट दुसरी आम्ही शिकलो नाही.

त्यानंतर साखळी कशी तुटली यावरून चुकीचा प्रकार ओळखण्याची आम्हाला हळूहळू सवय झाली. रक्कम चुकली असेल किंवा ओळ सुटली असेल, तर साखळी एकदाच तुटते. परंतु शिल्लकच चुकीची वाचली गेली असेल, तर ती लागोपाठ दोनदा तुटते आणि दोन्ही फरक सारखे पण उलट असतात. वरच्याच पानावर ३,५६,०६६.५० ऐवजी ३,५६,८६६.५० वाचले गेले असते, तर त्या ओळीत अधिक ८०० आणि पुढच्या ओळीत उणे ८०० दिसले असते. अशा जोडीत रकमांना हात लावायचा नसतो, फक्त मधली शिल्लक दुरुस्त करायची असते. जमा रक्कम नावे रकान्यात सरकली असेल, तर फरक त्या रकमेच्या बरोबर दुप्पट येतो: ३८,६४० रुपयांची जमा नावे धरली गेली की ७७,२८० चा फरक दिसतो. आणि प्रत्येक ओळ तुटत असेल, तर दोष ओळींत नसून आमच्या गृहीतात असतो. स्टेटमेंटमध्ये नवी नोंद वर छापलेली असेल, तर साखळी खालून वर मोजावी लागते. कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडून उचल घेण्याच्या, खात्यात शिल्लक उणे असल्याचे दाखवणारे, शिलकेपुढचे नावेदर्शक अक्षर सगळीकडे गळले असेल, तर प्रत्येक ओळीत त्याच ओळीच्या रकमेच्या दुप्पट फरक येतो. सुताच्या खरेदीसाठी बहुतेक कारखानदार अशी खाती वापरतात, त्यामुळे हा प्रकार आमच्याकडे वारंवार येतो.

दोन पानांच्या सांध्यावर मोठी आणि ओळखीची नसलेली रक्कम फरकात आली, तर आम्ही ओळ शोधत बसत नाही, पान शोधतो. एकदा एका ग्राहकाने सातव्या पानाचा फोटो दोनदा पाठवला होता आणि आठव्याचा एकदाही पाठवला नव्हता. त्या सांध्यांवरच साखळी तुटलेली असल्यामुळे पाच मिनिटांत फोन करून आठवे पान मागवता आले.

या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका चुकलेल्या वाचनात नसून घाईने केलेल्या दुरुस्तीत आहे. फरक पाहून जागेवरच आकडा जुळवला की साखळी अखंड होते, पण ती खरी असेलच असे नाही. वीजबिलाच्या ओळीतला ५,००० चा फरक हा तीनचा आठ झाल्यामुळे असू शकतो, तसाच त्या ओळीच्या आधी सुटलेल्या ५,००० रुपयांच्या जमा नोंदीमुळेही असू शकतो; गणित या दोन्हींना सारखेच मान्य करते. निर्णय फोटोच करतो. म्हणून आमच्या कार्यालयात नियम आहे की ज्या ओळीवर साखळी तुटली, ती ओळ, तिच्या वरची आणि खालची अशा तिन्ही ओळी फोटोत प्रत्यक्ष वाचल्याशिवाय एकही आकडा बदलायचा नाही, आणि पुसट शिल्लक मागच्या ओळीवरून काढून तर कधीच भरायची नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने एकदा अशा पुसट शिलका सूत्राने भरल्या होत्या. सगळी उत्तरे शून्य आली, कारण ज्या साक्षीवर विसंबायचे तीच आम्ही आमच्या हाताने लिहिली होती. तिला रागावण्यासारखे काही नव्हते. तो नियम तोपर्यंत आम्ही कोणालाही लिहून दिलेला नव्हता.

शून्य फरकावरही पूर्ण विसंबता येत नाही, हे आम्हाला परत आलेल्या चेकने शिकवले. ग्राहकाच्या खात्यात ७५,००० चा चेक जमा झाला आणि न वटल्यामुळे लगेच पुढच्या ओळीत तेवढीच रक्कम नावे पडली. फोटोत त्या दोन्ही ओळींवर स्टेपलरच्या पिनेजवळची घडी आली होती आणि प्रोग्रामने दोन्ही गाळल्या. वरची शिल्लक आणि खालची शिल्लक सारखीच असल्यामुळे साखळी कोठेही तुटली नाही. ग्राहकाने मात्र तो चेक देणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी पाहिली, तेव्हा ना जमा दिसली ना परतावा. तारीख, चेक क्रमांक आणि तपशील हेही शिलकेच्या साक्षीबाहेरच राहतात. त्यांतली चूक या सूत्राला कधीच दिसणार नाही.

त्यामुळे आता साखळी शून्य आल्यावरही आम्ही आणखी एक काम करतो. स्टेटमेंटच्या शेवटी एकूण नावे, एकूण जमा आणि नोंदींची संख्या छापलेली असेल, तर ती आमच्या तक्त्याशी ताडून पाहतो. त्या चेकच्या प्रकरणात दोन्ही बेरजा ७५,००० ने कमी निघाल्या असत्या. जेथे अशा बेरजा छापलेल्याच नसतात, तेथे फोटोतील ओळी पानागणिक हाताने मोजून संख्या त्या पानाच्या तक्त्याखाली लिहितो, आणि काम परत देताना सोबतच्या कागदावर “साखळी जुळली, बेरजा छापील नाहीत, ओळी मोजल्या” अशी नोंद सही करून देतो.