डोहाळजेवण, एक पांढरा टेबलक्लॉथ आणि दोन लाल डाग

माझं छोटं केटरिंग आहे, घरगुती ऑर्डरी, तीस-चाळीस पानांपर्यंत. डागांशी रोजचीच गाठ असते, पण त्या दिवशी एकाच कापडावर चार बोटांच्या अंतरावर दोन डाग पडले आणि दोघांवर एकमेकांच्या बरोब्बर उलटे उपाय करावे लागले, ते अजून डोक्यातून जात नाही.

डोहाळजेवण होतं, मेनूत बीटाची दह्यातली कोशिंबीर आणि पनीरची टोमॅटो ग्रेव्ही. टेबलावर यजमानीणबाईंनी हौसेनं त्यांच्या आईचा ऑफव्हाइट सुती टेबलक्लॉथ अंथरलेला, मी म्हटलं पण होतं की काकू वर प्लास्टिक टाकूया का, तर म्हणाल्या फोटोत वाईट दिसेल गं. सव्वा वाजता वाढायला आलेल्या मुलीचा हात सटकला, कोशिंबिरीचा वाडगा एका कडेला कलंडला आणि तो सावरता सावरता दुसऱ्या हातातला ग्रेव्हीचा डाव मधोमध आडवा.

आणि मग सगळ्या बायका डॉक्टर झाल्या. कोणी मीठ आणलं, कोणी टाल्कम पावडर, एका मावशीबाईंनी तर गरम पाण्याची किटलीच आणली. तेवढं मात्र मी ओरडून थांबवलं. कोशिंबिरीत दही होतं, ग्रेव्हीत पनीर आणि क्रीम, उकळतं पाणी पडलं की ते धाग्यातच शिजतं आणि सोबत रंगालाही धरून ठेवतं.

सगळ्यात आधी चमच्यानं दोन्हीकडचं उचललं, कडेकडून मधे मधे, म्हणजे डाग पसरत नाही. पुसायचं नाही. पुसलं की डाग कापडात भरला जातो, हे मी पूर्वी स्वतःच्या ओढणीवर शिकले आहे. मग पाहुण्यांची ताटं हलवून टेबलक्लॉथ काढूनच घेतला, काकूंचा चेहरा पडला पण म्हटलं आत्ता दहा मिनिटं द्या नाहीतर संध्याकाळी द्यावा लागेल एक तास.

आता गंमत अशी की बीटाचा रंग पाण्यात विरघळतो. म्हणून तर कोशिंबिरीचं दही गुलाबी होतं ना. त्यामुळे बीटाच्या डागावर साबण नंतर, आधी नळ. कापड उलटं धरलं, डागाची बाजू खाली, आणि मागून गार पाण्याची धार सोडली, म्हणजे रंग आला त्याच वाटेनं बाहेर जातो, आरपार नाही. बेसिनमधे गुलाबी पाणी वाहत होतं ते बघून मलाच बरं वाटलं. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा हलका गुलाबी गोल उरला होता, इतकंच.

टोमॅटोचं उलटं. त्याचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्याला दाद देत नाही, वर मिरचीचा लाल, हळदीचा पिवळा, सगळे तेलाचेच सोबती. पाणी आधी घातलं असतं तर तेल तिथंच राहिलं असतं आणि पाणी नुसतं बाजूनं गेलं असतं. म्हणून ओलं न करता, सुक्या डागावरच भांड्यांचं लिक्विड चार थेंब टाकून बोटानं हळूहळू चोळायचं, दहा मिनिटं ठेवायचं आणि मग कोमट पाणी. मी तेच करायला निघाले तर माझी मदतनीस सुनंदामावशी, बिचारी घाईघाईत बाथरूममधली कपड्यांची वडी घेऊन आली आणि घासली डागावर दोनदा.

डागाचा पिवळसर भाग लालभडक झाला! कुंकवासारखा. मावशी म्हणाली, "ताई, मी काय केलं हो हे?" यजमानीणबाई तर दारात उभ्या. मला पण क्षणभर धस्स झालं, मग आठवलं की ही हळद आहे, वडीच्या साबणात क्षार असतो आणि क्षार लागला की हळद लाल होते, डाग वाढलेला नाही. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. पण लिंबानं फक्त रंग बदलतो, हळद जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. काकूंनी कपाटातून ब्लीचची बाटली पण काढली, मी म्हटलं लिंबावर ती अजिबात नको, आंबट आणि क्लोरीनवालं ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू निघतो, ते पण बंद बाथरूममधे.

मग लिंबू धुवून टाकलं, लिक्विडनं दोनदा धुतलं आणि गच्चीवर ऊन होतं, तिथं ओला टेबलक्लॉथच डाग वर करून पसरला. हळद आणि टोमॅटो दोन्हींचा रंग उन्हानं फुटतो. बीटाच्या उरलेल्या गुलाबी गोलाला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मागवलं, आमच्याकडे मिळतं ते 6 टक्क्यांचं, तेवढंच पाणी घालून आधी शिवणीच्या आतल्या बाजूला एका थेंबानं तपासलं, मग कापसानं लावलं. हे फक्त पांढऱ्या आणि ऑफव्हाइटवर, रंगीत कापडावर रंगच उडेल. साडेचारपर्यंत गुलाबी गेलं, हळदीची एक फिकट रेघ राहिली ती दुसऱ्या दिवशीच्या उन्हात. आणि हो, डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही करायची, इस्त्रीच्या उष्णतेनं उरलेला डाग पक्का बसतो.

इथपर्यंत मी हुशार. पण आमचे डबे? ग्रेव्ही आणि कोशिंबीर तीस प्लास्टिकच्या डब्यांतून नेली होती, गडबडीत मुलींनी सगळे एकाच टबात भिजवले. ग्रेव्हीचं तांबडं तेल पाण्यावर तरंगलं आणि कोशिंबिरीचे स्वच्छ डबे पण नारिंगी झाले. बीट मात्र प्लास्टिकला लागत नाही फारसं, पाण्यानं निघतं, ओरखडे असले तरच त्यात बसतं. टोमॅटोचं तेल मात्र प्लास्टिकच्या आतच शिरतं, आणि गरम असेल तर जास्तच.

म्हणून आता क्रम असा की ग्रेव्हीचा डबा आधी कोरड्या टिशूनं पुसायचा, मग चमचाभर साधं तेल लावून पुन्हा पुसायचा, तेलातला रंग तेलच ओढतं, त्यानंतर लिक्विड आणि कोमट पाणी, आणि उघडे करून उन्हात. घासणीची हिरवी बाजू प्लास्टिकला नकोच. झाकणाची सिलिकॉनची रिंग काढून वेगळी धुवायची, नाहीतर वास पण राहतो.

एकोणीस डबे दोन दिवसांच्या उन्हात पूर्ववत झाले. सात अजून फिके नारिंगी आहेत, त्यांत शेंगदाण्याची चटणी भरते. उरलेले चार, कुणीतरी ग्रेव्हीसकट मायक्रोवेव्हमधे गरम केले होते, त्यांच्या आत ग्रेव्हीच्या काठाशी खरखरीत गोल पडलाय, बोट फिरवलं की कळतं. तिथलं प्लास्टिकच वितळलेलं असतं, त्याला ना तेल ना ऊन, ते मी बाजूलाच काढले, खिळे-स्क्रू ठेवायला नवऱ्याला दिले. ग्रेव्हीला आता स्टीलचे.

काकूंनी टेबलक्लॉथ पुढच्या आठवड्यात फोनवर दाखवला, म्हणाल्या कुठे होता गं डाग? मी बोट दाखवलं नाही.