फंडिंगच्या आधीचं लायसन्स चेकिंग

आज दिवसभर एका व्हिडिओ ॲपवाल्या कंपनीचं ओपन सोर्स ऑडिट केलं. त्यांचा स्कॅन रिपोर्ट अगदी स्वच्छ, सगळं एमआयटी नाहीतर अपाचीसारखं मोकळं लायसन्स, पण तो स्कॅनर फक्त पॅकेजची यादी वाचतो आणि कुणीतरी हाताने फोल्डरमध्ये टाकलेली तयार फाइल त्याला दिसतच नाही. व्हिडिओ प्रोसेसिंगसाठी वापरतात ती एफएफएमपेगची लायब्ररी तशीच पडलेली होती, म्हणून ही कमांड चालवली:

```
strings libavcodec.so | grep enable-gpl
```

आणि `--enable-gpl --enable-libx264` समोर आलं!

एफएफएमपेग मुळात एलजीपीएल आहे, म्हणजे डायनॅमिक लिंक करून अटी पाळल्या तर आपला कोड बंद ठेवता येतो. पण एक्स२६४ हा जीपीएल लायसन्सचा व्हिडिओ एन्कोडर घालून बिल्ड केलं की ती अख्खी लायब्ररी जीपीएल होते, आणि तिला लिंक करून ॲप वाटलं तर ॲपचा सोर्सही जीपीएलखाली द्यावा लागतो. गुंतवणूकदाराचा वकील नेमका इथेच अडतो, कारण तो पैसे लावतोय त्याच कोडवर.

उपाय आहे बरं का. ते दोन्ही फ्लॅग काढून पुन्हा बिल्ड करायचं आणि एन्कोडिंग फोनच्या हार्डवेअर एन्कोडरवर न्यायचं, नाहीतर एक्स२६४चं कमर्शियल लायसन्स घ्यायचं, ते मिळतं, मात्र तेव्हाही एफएफएमपेग `--enable-gpl` शिवायच बिल्ड करावं लागतं. पण जुनी व्हर्जन्स लोकांच्या फोनवर आधीच गेलीयेत, नव्या बिल्डने तो प्रश्न पुसला जात नाही, त्यामुळे ते गुंतवणूक कराराच्या डिस्क्लोजर शेड्यूलमध्ये, म्हणजे आधीच उघड केलेल्या अडचणींच्या यादीत, स्पष्ट लिहा असंच मी फाउंडरना सांगितलं. लपवलं आणि नंतर सापडलं तर करारात दिलेल्या वॉरंटीचा भंग, आणि ते फार महागात पडतं.