कुकर मस्त चाललाय की, मग परत कशाला देऊ?

मी एका कुकर बनवणाऱ्या कंपनीत कस्टमर केअरला आहे. नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथंच आहे 😄 नऊ वर्षं फोन उचलतेय. शिटी होत नाही, रिंग सैल झाली, हँडलचा स्क्रू पडला, असलेच फोन जास्त. पण दोन वर्षांपूर्वी ५ लिटरच्या कुकरची एक अख्खी बॅच परत बोलवायची वेळ आली होती, त्यातला पहिला दिवस काय डोक्यातून जात नाही.

सुरुवात सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरमधून झाली. तिथले मेकॅनिक काका जुने, त्यांच्याकडं एक जळालेला कुकर आला. कुणीतरी डाळ लावून विसरलं होतं, पाणी पूर्ण आटलेलं, तळ काळा-निळा, रिंग कडक होऊन तडकलेली. हे नेहमीचंच. पण काकांनी झाकण पालथं करून बघितलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह जसाच्या तसा! आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, झाकणावर शिटीच्या बाजूला जे छोटं बटणासारखं दिसतं ना, त्याच्यात मधोमध एक मऊ मिश्रधातू भरलेला असतो. शिटीच्या नळीत भाताचं शीत किंवा डाळीचं साल अडकून वाफ कोंडली, किंवा आतलं पाणी आटून झाकण भलतंच तापलं, की तो धातू वितळतो आणि तिथून वाफ निघून जाते. म्हणजे व्हॉल्व्ह गेला पण कुकर वाचला, माणसं वाचली. इतका जळालेला कुकर आणि व्हॉल्व्ह शाबूत, हे काकांना खटकलं. आठवड्यात तसाच दुसरा आला, तळावरचा बॅच नंबर तोच. त्यांनी दोन्ही झाकणं एस्टी पार्सलनं कारखान्यात पाठवली, खरं तर त्या माणसाला बक्षीस द्यायला पाहिजे होतं.

कारखान्यात त्या बॅचचे ठेवलेले नमुने तपासले तर व्हॉल्व्ह पुरवणाऱ्याकडून आलेल्या एका लॉटमधला धातू चुकीचा निघाला, पाहिजे त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळणारा. बॅच साधारण १,९०० कुकरची. त्यातले सातशेच्या आसपास गोडाऊनमध्ये आणि दुकानांत सीलबंद पडले होते, डीलरना फोन करून एका दुपारीत त्यांची विक्री थांबवली, तो भाग सोपा होता. उरलेले बाराशे लोकांच्या ओट्यावर. आणि वॉरंटी कार्ड भरून आमच्याकडं फोन नंबर आलेले किती? चारशेच्या आत. वॉरंटी कार्ड कोण भरतं ओ, मी स्वतः कधी भरलेलं नाही.

आणि ह्यातली खरी अडचण ही की कुकरला रोजच्या वापरात काहीच होत नाही. शिट्ट्या वेळेवर होतात, भात मस्त शिजतो, वाफ कुठून गळत नाही. दोष दिसणार कधी, तर जेव्हा दुसरं काहीतरी बिघडेल तेव्हाच, आणि तेव्हा बघायला उशीर झालेला असेल. तर चांगला चाललेला कुकर बंद करा हे लोकांना पटवायचं कसं?

एसएमएस पाठवायचं ठरलं. तुम्हाला वाटेल टाईप करून सेंड करायचं, पण कंपनीच्या मेसेजचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या पोर्टलवर, रजिस्टर करून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात दोन दिवस गेले. त्यात आणखी मराठीचं दुखणं म्हणजे इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात आणि देवनागरीत फक्त ७०, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजतात. त्याच्यापुढं गेलं की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. मग साहेबांनी काटछाट करत करत हे पास केलं:

"आपल्या ५ लि. कुकरच्या बॅचमध्ये दोष आढळला आहे. झाकण सर्व्हिस सेंटरला आणा. ३ दिवसांत मोफत बदलून मिळेल." आणि खाली एक लिंक.

मीही ते वाचलं होतं आणि ठीक आहे म्हणलं होतं, हे कबूल करते.

शुक्रवारी सकाळी अकराला मेसेज गेला. पाच मिनिटांत पहिला फोन, आवाजावरून तिशीतली बाई असेल. म्हणाली, "ताई, मेसेज आलाय, पण कुकर आत्ता गॅसवर आहे, दोन शिट्ट्या झाल्यात, काय करू?" आणि मागं तिसरी शिटी मला ऐकू आली. माझ्या पोटात गोळाच आला. म्हणलं गॅस बंद करा, कुकरला हात लावू नका, शिटी उचलून वाफ काढायला जाऊ नका, आपोआप गार होऊ दे, घाई नको. ती म्हणाली बरं, आणि फोन चालूच ठेवला, दहा-बारा मिनिटं आम्ही दोघी तिच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत बसलो. मग झाकण निघालं, काही झालं नाही, होण्याची शक्यता पण फार नव्हती कारण पाणी होतं आणि नळी साफ होती. पण फोन ठेवल्यावर मेसेज परत वाचला तेव्हा लक्षात आलं, "वापरू नका" हे शब्दच त्यात नाहीत! दोष आहे म्हणलंय, झाकण आणा म्हणलंय, पण तोपर्यंत वापरायचा नाही हे कुठंच नाही. दोन तुकड्यांत बसवायच्या नादात तेच गळालं.

दुपारपर्यंत बाकीच्या चुका एकेक करून बाहेर आल्या. "बदलून मिळेल" म्हणजे काय बदलून मिळेल? आमच्या डोक्यात व्हॉल्व्ह होता, लोकांनी वाचलं कुकर बदलून मिळेल. साताऱ्याच्या सेंटरला एक काका नवा कुकर न्यायला रिकामी पिशवी घेऊनच आले, आणि व्हॉल्व्ह बदलून देतो म्हणल्यावर जे बोलले ते इथं लिहित नाही. दुसरं, बॅच नंबर कुकरच्या तळाला कोरलेला आणि आम्ही सांगितलं होतं झाकण आणा. आता काउंटरवर नुसतं झाकण बघून बॅच ओळखणार कशी? आणि लिंक बघून तर अर्ध्या लोकांनी फ्रॉड म्हणूनच मेसेज उडवला. एका डीलरनं मला स्क्रीनशॉट पाठवला, त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवर आमचाच मेसेज, वरती लाल अक्षरात "क्लिक करू नका, बँक रिकामी होईल". लोकांचं तरी काय चुकलं?

आणि ते तीन दिवस! ते कुठून आले माहितीये, परचेसवाल्यांनी मीटिंगमध्ये "दोनतीन दिवसांत माल येईल" म्हणलं होतं. पण माल आला म्हणजे झालं नाही, नव्या लॉटमधले नमुने काढून धातू बरोबर तापमानाला वितळतो का हे बघितल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह बाहेर जाणार नव्हता. ह्या वेळी तरी नाहीच. मी संध्याकाळी क्वालिटीच्या सरांना जाऊन विचारलं, खरं सांगा किती दिवस, ते म्हणाले बारा. तोपर्यंत सेंटरांवर साठएक झाकणं जमा झाली होती आणि साठ घरांत सोमवारी मिळेल असं सांगितलेलं होतं. त्या साठ जणांना मी आणि माझी सहकारी, दोघींनी शनिवारी ऑफिसला येऊन फोन केले. शिव्या खाल्ल्या. पण तारीख सांगितल्यावर बहुतेक जण शांत झाले, एक आजी तर म्हणाल्या, "आधीच नीट सांगितलं असतं तर पातेल्यात शिजवलं असतं, त्यात काय."

त्यांच्या त्या वाक्यावरून एक गोष्ट दुसऱ्या मेसेजमध्ये टाकली. साहेब पैशांचं कुरकुरले, पण पहिला फोन सांगितल्यावर गप्प बसले. लिंक काढली. मंगळवारी हा गेला:

"५ लि. कुकर सध्या वापरू नका. तळावरचा बॅच नंबर खालच्या नंबरशी जुळत असेल तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोफत बदलून देऊ. कुकर तुमचाच राहील. झाकण आणि तळाचा फोटो घेऊन, जिथून घेतला त्या दुकानात द्या. व्हॉल्व्ह १८ तारखेपासून मिळेल. तोवर शिटी आणि रिंग काढून साधं पातेलं म्हणून वापरता येईल. पैसे किंवा ओटीपी कुणी मागणार नाही."

लांबलचक, पण फोन निम्म्यावर आले. आणि जे आले ते वेगळे, म्हणजे "नंबर दिसत नाही हो" असले. वापरून वापरून तळ काळा, कोरलेले आकडे पुसट. ह्याच्यावर उपाय आमच्या ऑफिसातल्या मावशींनी काढला, तळ कोरडा पुसायचा, बोटानं पांढरी रांगोळी चोळायची आणि वरवर पुसून टाकायची. रांगोळी खाचेत बसते आणि आकडे पांढरे उठून दिसतात. आम्ही फोनवर सगळ्यांना हेच सांगायला लागलो. फोटोंमध्ये काय सुंदर नंबर यायचे!

१८ तारखेपासून कामं पटापट झाली. सेंटरला झाकण दिलं की आतला नट सोडवून व्हॉल्व्ह बदलणं, पाणी घालून एक शिटी काढून बघणं, पंधरावीस मिनिटांत काम. दुकानात दिलेलं झाकण तीनचार दिवसांत परत, त्याच्यावर मार्करनं नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे, कारण सगळी झाकणं दिसायला सारखी. ज्यांचा कुकर आधी एकदा पाणी आटून जळाला होता त्यांना मात्र पूर्ण कुकर बदलून दिला, तसं ॲल्युमिनियम एकदा भयंकर तापलं की भरवसा नाही. त्यांना आम्ही पंधरा दिवस सांगितले आणि चौदाव्या दिवशी दिले.

पण फोन नंबर नसलेल्या आठशे घरांचं काय? तिथं कामाला आले दुकानदार. बार्शीकडचे एक भांडीवाले आहेत, त्यांनी बिलबुकं आणि उधारीची वही काढली आणि त्या बॅचच्या तारखांची गिऱ्हाईकं शोधायला बसले. एका बिलावर अकरा कुकर! लग्नसराईतलं बिल, एका मामांनी भाच्या-पुतण्यांच्या आहेरासाठी, रुखवतासाठी एकदम घेतलेले. म्हणजे बिल मामांच्या नावावर आणि कुकर अकरा गावांत. मामांना बरं आठवत होतं कुणाला दिला, कुणाला नाही दिला त्याच्यावरून भांडणं झाली होती म्हणे. त्यांनी सगळीकडं स्वतः फोन केले, "मीच दिलाय, मीच सांगतोय, वापरू नका." आमच्या मेसेजला कुणी विचारलं नाही, मामांच्या फोनवर पंधरा दिवसांत दहा झाकणं आली.

अकरावा कुकर मस्कतला होता. पुतणी लग्न करून तिकडं गेली, सामानात कुकर. झाकण मागवणं शक्य नव्हतं, मग नवा व्हॉल्व्ह आणि एक छोटा पाना असं पाकीट करून मामांकडं दिलं, कुणीतरी गावचा माणूस चालला होता त्याच्या हातून गेलं. शुक्रवारी तिकडं सुट्टी, म्हणून मीच फोन केला, सोलापूरचे काका व्हिडिओ कॉलवर. ती नट उलटा फिरवतेय, वॉशर खाली पडला, तो फ्रिजखाली गेला, नवऱ्यानं झाडूनं काढला. त्याच्या आधी तिनं तळाचा फोटो पाठवला होता. रांगोळी नव्हती तिच्याकडं, गव्हाचं पीठ चोळलं होतं. नंबर स्पष्ट दिसत होता, आमच्याच बॅचचा.