विषाणूची नऊ अक्षरे

जळगाव, १४ नोव्हेंबर

आज पदव्युत्तर वर्गात पडद्यावर दोन ओळी एकीखाली एक ठेवल्या. वरची ओळ पेशीच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एचएलए-सी या मानवी प्रथिनाच्या एका प्रकाराच्या आरंभीच्या तुकड्यातली होती, तर खालची हर्पीसच्या कुळातील सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या यूएल४० या प्रथिनातली. दोन्हींत VMAPRTLIL हीच नऊ अक्षरे, म्हणजे नऊ अमिनो आम्ले, त्याच क्रमाने होती. मागच्या बाकावरून शंका आली की एकच ओळ चुकून दोनदा चिकटवली गेली आहे. तशी चूक झालेली नाही हे पटवून देण्यातच तासाचा उरलेला वेळ गेला, आणि तो चांगला गेला.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते टॅप नावाच्या पंपातून पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, म्हणजे आंतर्द्रव्य जालिकेत, ढकलते. तेथे ते एचएलए रेणूंच्या खोबणीत बसतात आणि पृष्ठभागावर मांडले जातात. बाजार समितीत व्यापारी गाडीतून मूठभर कापूस ओढून सगळ्या मालाचा अंदाज घेतो, तशी रोगप्रतिकारक यंत्रणेतील मारक टी पेशी या नमुन्यावरून आतला माल ओळखते. नमुन्यात विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशीला घट्ट चिकटते. तिच्या परफोरिनमुळे पेशीच्या आवरणाला छिद्रे पडतात, त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरतात आणि पेशीला स्वतःचाच शेवट करायला लावतात. नमुना असा एचएलएच्या खोबणीतच पाहिला जातो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरामध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

सायटोमेगॅलोव्हायरस हा नमुनाच बाहेर जाऊ देत नाही. त्याचे यूएस६ हे प्रथिन जालिकेच्या आतल्या बाजूने टॅप पंप बंद पाडते. यूएस३ तयार झालेल्या एचएलए रेणूंना आतच अडकवून ठेवते, तर यूएस२ आणि यूएस११ नवे रेणू जालिकेतून उलट बाहेर खेचून काही मिनिटांत नष्ट करवतात. एकाच कामासाठी चार-चार प्रथिने राखण्याएवढी चैन लहान विषाणूला परवडत नाही. याच्याकडे मात्र सुमारे २,३५,००० बेस-जोड्यांचा जनुकसंच आहे.

तरीही नमुना न दाखवणारी पेशी सुटत नाही, कारण नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एनके पेशी, नेमके हेच तपासतात की एचएलए जागेवर आहे की नाही. ही कल्पना स्वीडनच्या क्लास कॅरे यांनी १९८० च्या दशकात मांडली. एनके पेशींवाचून काय होते, हे १९८९ साली वर्णन झालेल्या एका किशोरवयीन मुलीच्या आजारपणातून दिसले. तिच्या शरीरात या पेशी जवळजवळ नव्हत्याच, आणि कांजिण्या, सायटोमेगॅलोव्हायरस व साधा हर्पीस असे एकाच कुळातील विषाणू तिला एकामागून एक गंभीररीत्या छळत राहिले.

एनके पेशीची तपासणीची एक पद्धत फार चलाखीची आहे. एचएलए-ए, बी आणि सी तयार होताना त्यांच्या आरंभीचा जो तुकडा कापला जातो, त्यातली नऊ आम्ले टॅपमधूनच जाऊन एचएलए-ई या चौथ्या रेणूच्या खोबणीत बसतात. एचएलए-ई पृष्ठभागावर दिसला, तर बाकीच्यांचे उत्पादन चालू आहे असे एनके पेशी समजते आणि एनकेजी२ए या ग्राहीमार्फत स्वतःला आवरते. टॅप बंद पडला की हे तुकडे थांबतात, एचएलए-ई ओसरतो आणि एनके पेशी हल्ला करते. म्हणजे यूएस६ ने टॅप बंद केला, त्याच क्षणी विषाणूने स्वतःवर संकट ओढवून घेतले असते. पण यूएल४० मधली तीच नऊ अक्षरे टॅपच्या वाटेने येतच नाहीत. ती जालिकेत थेट पोहोचतात आणि एचएलए-ई ला भरून ठेवतात. २००० साली हे प्रसिद्ध झाले. मला यातली लबाडी आवडते ती तिच्या नेमकेपणासाठी: स्वतःच बंद केलेल्या दाराला वळसा घालणारी वाट विषाणूने आधीच आखलेली आहे.

इंटरफेरॉनची गोष्ट येथेच जोडून सांगावी लागते. आयझॅक्स आणि लिंडनमन यांना तो १९५७ साली लंडनमध्ये कोंबडीच्या अंड्यातील पटलांवर, उष्णतेने निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूसह काम करताना सापडला. बाधित पेशीतून निघालेला इंटरफेरॉन शेजारच्या पेशींत शेकडो जनुके चालू करतो, प्रथिननिर्मिती रोखण्याची तयारी करवतो आणि एचएलएची मांडणीही वाढवतो. त्यामुळे आधी इंटरफेरॉनला आवरल्याशिवाय विषाणूच्या पुढच्या युक्त्या तोकड्या पडतात. म्हणूनच त्याचे आयई१ हे अगदी सुरुवातीला बनणारे प्रथिन, इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकापर्यंत नेणाऱ्या स्टॅट२ ला धरून ठेवते.

हे सगळे यंदा माझ्या घरच्या बोलण्यात आले. अमळनेर तालुक्यातील माझ्या मामांना मामींची किडनी बसवली आहे. प्रतिबंधक गोळ्यांचा कालावधी संपल्यानंतर त्यांचे जुलाब थांबेनात, म्हणून आतड्याचा बारीक तुकडा तपासला. काचपट्टीवर फुगलेल्या पेशी होत्या, त्यांच्या केंद्रकात गडद गोळा आणि भोवती फिकट कडे. यालाच घुबडाचा डोळा म्हणतात, आणि एकदा पाहिला की तो विसरत नाही. रक्ताच्या पीसीआरमध्येही विषाणू मोजण्याइतका निघाला. मामा फोनवर म्हणाले, "माय, हाऊ जंतू आते कसा उना?" मी त्यांना सांगितले की तो बहुधा लहानपणापासून तुमच्यातच होता. अस्थिमज्जेतील रक्तपेशींच्या पूर्वज पेशींत तो जवळजवळ काहीच प्रथिने न बनवता पडून राहतो, त्यामुळे टी पेशींना दाखवायला नमुनाच नसतो. तो अधूनमधून जागा होतो तेव्हा टी पेशी त्याला आवरतात. बसवलेला अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्यावा लागणारा टॅक्रोलिमस मात्र टी पेशींना चेतवणाऱ्या कॅल्सिन्युरिनला रोखून नेमक्या त्याच टी पेशींना थंड करतो, कारण तसे केले नाही तर त्या मामींच्या किडनीवर तुटून पडतील.

मग येथे एक अडचण उभी राहते, आणि वर्गातही ती कोणीतरी विचारतेच. नमुना लपवण्याची एवढी यंत्रणा असूनही टी पेशी विषाणूला आवरतातच, तर त्या यंत्रणेचा उपयोग काय? ही झाकपाक पूर्ण होत नाही, एवढे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. २०१० साली अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये ऱ्हीसस माकडांवर झालेला प्रयोग मला अधिक पटतो. माकडांच्या सायटोमेगॅलोव्हायरसमधून यूएस२ ते यूएस११ यांच्याशी जुळणारी जनुके काढून टाकली, तरी पूर्वी कधीही बाधा न झालेल्या माकडांना तो विषाणू सहज लागला आणि त्यांच्यात टिकूनही राहिला. ज्यांना आधीच बाधा झालेली होती, त्यांच्यात मात्र त्याला पुन्हा शिरता येईना. त्या माकडांतील सीडी८, म्हणजे मारक, टी पेशी तात्पुरत्या कमी केल्यावर तोच विषाणू आत शिरला. म्हणजे ही जनुके आत दडून राहण्यापेक्षा, सज्ज टी पेशी असलेल्या शरीरात दुसऱ्यांदा घुसण्यासाठी अधिक लागतात.

मामांना दिलेले माझे उत्तर त्यामुळे अर्धेच ठरते. त्यांच्या रक्तात शस्त्रक्रियेपूर्वी या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती, मामींच्याही होती, आणि बसवलेल्या किडनीतून मामींच्या विषाणूचा वेगळा वाण येणे शक्य आहे. नेहमीचा पीसीआर विषाणू किती आहे ते सांगतो, कोणाचा ते सांगत नाही. उपचाराला त्याने फरक पडत नाही. डॉक्टरांनी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पुन्हा सुरू केले आहे, पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना याकडे लक्ष ठेवले आहे आणि दर आठवड्याला पीसीआर करायला सांगितले आहे. पुढचा अहवाल सोमवारी येईल.