एकाच खाणीचे दोन आयआरआर

कराडजवळच्या एका मुरमाच्या खाणीची कर्जफाईल माझ्याकडे छाननीला आली, तेव्हा तिच्यात दोन प्रकल्प अहवाल होते. मालकाने आधी दिलेल्या अहवालात परताव्याचा दर, म्हणजे आयआरआर, 40 टक्के होता. आमच्या शाखेने त्याच आकड्यांवरून काढलेल्या तक्त्यात तो 10 टक्के होता. आमच्या कर्जाचा व्याजदर 12 टक्के. म्हणजे एका कागदावर प्रकल्प उत्तम आणि दुसऱ्यावर नामंजूर. शाखेतल्या सगळ्यांनी धरून चालवलं होतं की मालकाच्या सीएने आकडे फुगवले असणार.

आकडे फुगवलेले नव्हते. दोन्ही अहवालांत रोख प्रवाह अगदी तेच होते. सुरुवातीला 100 लाख खर्च: रस्ता, मशिनरी, परवाना, अनामत. पहिल्या वर्षाअखेर निव्वळ 150 लाख आवक, दुसऱ्या वर्षाअखेर 96 लाख. तिसऱ्या वर्षाअखेर मात्र 154 लाख बाहेर जाणार. खाण भाड्याच्या शेतजमिनीवर होती आणि करारानुसार खड्डा भरून, वर सुपीक माती पसरून, बांध घालून ती शेतकऱ्यांना परत द्यायची होती. भरावाची माती लांबून आणावी लागणार, म्हणून हा खर्च मूळ गुंतवणुकीपेक्षाही मोठा.

मी तेच आकडे एक्सेलमध्ये B2 ते B5 मध्ये टाकले.

```
=IRR(B2:B5, 0.1)
=IRR(B2:B5, 0.4)
```

पहिल्याने 10 टक्के दिले, दुसऱ्याने 40. शेवटचा आकडा म्हणजे एक्सेलला दिलेला अंदाज. तो दिला नाही तर एक्सेल स्वतःच 10 टक्क्यांपासून शोध सुरू करतं. आमच्या शाखेने तो दिला नव्हता, सीएने दिला होता. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत, आणि हीच खरी अडचण.

असं का होतं ते मला सूत्रापेक्षा वहीवर जास्त स्पष्ट दिसलं. ज्या दराने सगळी देणी-घेणी शेवटी शून्यावर येतात, तो आयआरआर. आधी दर 10 टक्के धरा. 100 लाखांचं देणं वर्षाने 110 होतं. 150 आले, 110 फेडले, 40 हातात उरले. हे 40 पुन्हा 10 टक्क्यांनी वाढून 44 झाले, त्यात 96 मिळवून 140. तेही 10 टक्क्यांनी वाढून 154. खड्डा भरला, हिशेब शून्य. आता दर 40 टक्के धरा. देणं 140 होतं, 150 मधून फेडल्यावर फक्त 10 उरतात. पण ते 10 आता 40 टक्क्यांनी वाढून 14 होतात, 96 मिळवून 110, आणि 110 वर 40 टक्के म्हणजे पुन्हा 154. पुन्हा शून्य.

आयआरआर एकच दर दोन कामांना लावतो. पहिल्या वर्षी तो दर आपण देत असतो, म्हणून तो वाढला की आपलं नुकसान होतं. पुढची दोन वर्षं पैसा आपल्याकडे पडून असतो आणि तोच दर आपण घेत असतो, म्हणून तो वाढला की फायदा होतो. ओढाताण दोन्हीकडून असल्यामुळे हिशेब दोन ठिकाणी शून्यावर येतो. रोख प्रवाहाचं चिन्ह उणेवरून अधिक आणि पुन्हा उणे झालं की ही शक्यता असतेच. फाईल हातात आली की मी आता आधी चिन्हंच मोजतो.

मालक वर्ष सरल्यावर उरलेले पैसे 40 टक्क्यांनी कुठे लावणार होते? कुठेच नाही. मी फोन करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एफडीत ठेवणार, दुसरं काय? तीन वर्षांनी खड्डा भरायचाय." एफडीचा दर साडेसहा टक्के धरला. घेतलेल्या पैशाला 12 टक्के आणि ठेवलेल्या पैशाला 6.5 टक्के. हे दोन दर वेगळे ठेवून परतावा काढण्यासाठीच एमआयआरआर आहे.

```
=MIRR(B2:B5, 12%, 6.5%)
```

आत काय होतं ते असं. बाहेर जाणारा सगळा पैसा 12 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायचा: आजचे 100 आणि शेवटच्या 154 चे आजचे 109.61, मिळून 209.61 लाख. येणारा सगळा पैसा 6.5 टक्क्यांनी तिसऱ्या वर्षाअखेरीला न्यायचा: 150 चे 170.13 आणि 96 चे 102.24, मिळून 272.37 लाख. आता सुरुवातीला एक रक्कम जाते आणि शेवटी एक रक्कम येते, मधे काहीच नाही. 209.61 चे तीन वर्षांत 272.37 व्हायला दरसाल किती टक्के लागतील, याचं उत्तर एकच निघतं: 9.12 टक्के. चिन्ह एकदाच बदलतं, म्हणून दुसऱ्या उत्तराला जागाच उरत नाही. दोन्ही दर आपण बाहेरून दिले, शोधायचा दर उरला एकच.

9.12 हे 12 च्या खाली आहे. पण एमआयआरआरवरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. शेवटच्या 154 लाखांना 12 टक्क्यांनी आज आणणं म्हणजे आजपासून 12 टक्के कमावणारी रक्कम बाजूला ठेवली असं मानणं. भरावाचा निधी खरोखर एफडीतच राहणार असेल, तर आज 127.49 लाख लागतील आणि परतावा 6.19 टक्क्यांवर येतो. म्हणून मी सोबत वहीतला हिशेबही जोडला. सोयीसाठी मालकाच्या स्वतःच्या भांडवलालाही 12 टक्केच धरले. 150 मधून 112 फेडले, 38 उरले, एफडीत 40.47 झाले, 96 मिळवून 136.47, पुढच्या वर्षी 145.34. खड्ड्याला 154 हवेत. 8.66 लाख कमी पडतात, आणि ते शेतकऱ्यांच्या वाट्याच्या मातीतून कमी झाले असते.

मालकांना हे दाखवल्यावर ते बराच वेळ वही पाहत राहिले. मग त्यांनीच सांगितलं की त्यांचं 12 टक्क्यांचं कॅश क्रेडिट आहे आणि त्यात कायम चाळीसेक लाख उचललेले असतात. हे कुठल्याच अहवालात नव्हतं. पहिल्या वर्षाचे 38 लाख एफडीऐवजी त्या खात्यात भरले तर तेवढं व्याज वाचतं, म्हणजे त्या पैशाचा दर खरोखरच 12 टक्के होतो. दोन वर्षांत ते 47.67 लाखांचं काम करतात. दुसऱ्या वर्षाच्या 96 लाखांना मात्र एफडीच, 102.24. एकूण 149.91, तूट 4.09 लाखांवर आली.

उरलेली तूट भरायला दुसऱ्या वर्षाची आवक चार टक्के, म्हणजे 3.84 लाखांनी वाढायला हवी होती. तेवढ्यानेही हिशेब फक्त जेमतेम जुळतो. रस्त्याच्या ठेकेदाराशी मुरमाच्या दराचा करार अजून सहीला गेलेला नव्हता. मालकांनी दुसऱ्या वर्षासाठी वाढीव दर मागितला आणि तो मिळाला. मंजुरीच्या टिपणात मी दोन अटी घातल्या: दुसऱ्या वर्षाच्या आवकीची एफडी बँकेच्या नावे तारण राहील आणि ती फक्त भराव कामाच्या बिलांसाठी मोडता येईल, आणि पहिल्या वर्षी कॅश क्रेडिटची मर्यादा 38 लाखांनी खाली येईल, ती भराव सुरू झाल्यावरच पुन्हा उघडेल. दुसरी अट मालकांना आवडली नाही. पण त्या खात्यातून पैसा पुन्हा उचलला गेला असता, तर 12 टक्क्यांचा दर कागदावरच राहिला असता, म्हणून ती मी काढली नाही.