शब्द बदलण्याआधीचे प्रश्न

*"दादा, 'जरा प्रोफेशनल करून द्या' नाहीतर 'मजेशीर करून द्या' म्हटलं, की तुम्ही आधी इतके प्रश्न का विचारता? शब्द तेवढे बदलून द्यायचे ना!"*

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसीलजवळ आहे. अर्ज, पत्रिका, भाषणं, व्हॉट्सअॅपचे मेसेज, सगळंच इथं येतं. 'प्रोफेशनल' हा शब्द तर रोज येतो. तो दोन माणसांच्या तोंडून आला की दोन वेगळी कामं असतात, आणि तसं ते दोघंही सांगत नाहीत. त्यांच्या मते त्यांनी सगळं सांगितलेलं असतं.

एकाच हंगामातले दोघे सांगतो. पहिले शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी अकोल्याच्या एका मिलला सोयाबीनची गाडी पाठवली होती आणि बिलात कपात जास्त झाली होती. मोबाईलवर लिहून आणलेला मजकूर असा: "तुम्ही शेतकऱ्याले लुटता. आमचा माल सुका होता. सरकारनं १५ टक्के ओलावा चालते म्हटलं तरी तुम्ही कापता. हे बरं नाही." मग मला म्हणाले, "याले प्रोफेशनल करा."

नुसते शब्द बदलायचे तर सोपं होतं. 'लुटता'च्या जागी 'अन्यायकारक कपात' घातलं असतं, वर 'महोदय', खाली 'आपला विश्वासू'. मिलच्या मॅनेजरनं ते दोन गाड्यांच्या मधात वाचलं असतं आणि सोडून दिलं असतं. त्यात त्यानं करायचं असं काहीच नव्हतं. म्हणून मी विचारलं, "काका, हे वाचून त्यानं काय करावं? आणि पुढची गाडी त्यालाच द्यायची आहे का?" उत्तर आलं, "पैसे परत द्यावे. गाडी त्यालेच द्यायची हाये, दुसरा कोन घेते एवढा माल?"

मग कागद मागितले. काटापट्टीवर वजन १०० क्विंटल. मिलच्या मीटरवर ओलावा १३.५ टक्के. सौदा असा ठरलेला, की १२ टक्क्यांच्या वर जितके टक्के ओलावा, तितके टक्के वजन कापायचं. म्हणजे मिलचंच मोजमाप खरं धरलं तरी कपात दीड क्विंटल होते. बिलात कापले होते तीन. माल सुका होता की ओला, हा वाद घालायची गरजच उरली नाही. तो वाद जिंकणंही अवघड असतं. दोन मीटर सारखेच दाखवतील याचा भरवसा नाही, आणि नमुना पोत्याच्या वरून घेतला की मधातून, यावरही आकडा हलतो.

१५ टक्क्यांचं वाक्य मी काकांना विचारून काढलं. २०२४ च्या हंगामात केंद्रानं १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती हे खरं, पण ती हमीभावाच्या सरकारी खरेदीसाठी होती. खाजगी मिलचा सौदा ठरलेल्या अटींवर चालतो. ते वाक्य राहिलं असतं, तर मॅनेजरनं नेमकं त्यालाच धरून उत्तर दिलं असतं आणि हिशेब बाजूला पडला असता.

शेवटी गेला तो मजकूर असा:

"नमस्कार साहेब. १४ नोव्हेंबरच्या आमच्या गाडीचं वजन १०० क्विंटल, आपल्या मोजणीत ओलावा १३.५ टक्के. ठरल्याप्रमाणे कपात दीड क्विंटल होते, बिलात ३ क्विंटल धरली आहे. फरक दीड क्विंटलचा, ४,४०० च्या भावानं ६,६०० रुपये. शुक्रवारपर्यंत दुरुस्त बिल पाठवावं. काटापट्टी व ओलाव्याची चिठ्ठी सोबत आहे. पुढची गाडी याच महिन्यात भरतो आहोत."

यात एकही भारी शब्द नाही. काकांच्या 'प्रोफेशनल'चा अर्थ होता, समोरच्याला नाही म्हणता येऊ नये.

त्याच आठवड्यात कृषी केंद्रवाले भाऊ आले. त्यांची उधारी थकली होती. त्यांनाही 'प्रोफेशनल'च पाहिजे होतं, आणि नमुना त्यांनी स्वतःच आणला होता: "सन्माननीय ग्राहक, आपणांस सूचित करण्यात येते की..." मी विचारलं, "हे ज्याला जाईल तो पुढच्या जूनमध्ये बियाणं कुठून घेणार?" भाऊ थांबले. आमच्याकडं असा मजकूर आला की माणूस म्हणतो, "दुकानदारानं नोटीस पाठवली." रोज 'या भाऊ, बसा' म्हणणारा माणूस एकदम 'आपणांस' म्हणाला, की तो आदर वाटत नाही. संबंध तुटल्यासारखं वाटतं. ज्या कागदी भाषेनं तहसीलदाराकडचा अर्ज पुढं सरकतो, तीच भाषा उधारीच्या मेसेजमध्ये धमकी होते.

भाऊंना पाहिजे होतं ते एवढंच, की मागताना भांडण दिसू नये. मग लिहिलं: "राम राम भाऊ. खरिपाच्या बियाण्याचे अन् खताचे ८,४०० रुपये बाकी हायेत. सोयाबीन विकलं की जमवा. एकदम जमत नसन तर अर्धे आता द्या, बाकीचे तूर आल्यावर. कधी येता तेवढं सांगा." रक्कम स्पष्ट, मुदत स्पष्ट, आणि मान ठेवून माघार घ्यायला एक वाट. भाऊ आधी म्हणाले, "हे तर साधंच झालं." मी म्हटलं, मोठ्यानं वाचा. ते न अडखळता वाचत गेले. ही परीक्षा मी प्रत्येकाला करायला लावतो. ज्या शब्दावर पाठवणाऱ्याची जीभ अडते, तो त्याचा नसतो, आणि त्याला रोज भेटणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

सूर बदलताना एक गोष्ट मी फार जपतो, वचनाची ताकद. 'देतो'चं 'देण्याचा प्रयत्न करू' केलं की वाक्य गुळगुळीत होतं, पण वचन मोडतं. 'मागणी'ची 'विनंती' केली की हक्काची गोष्ट मेहेरबानी होते. असं काही बदलायचं असेल तर आधी विचारतो.

'मजेशीर'चं काम याहून नाजूक. पोरं मित्राच्या हळदीचा मजकूर आणतात, शाळेतल्या मॅडम मुख्याध्यापकांच्या निरोपाचं भाषण आणतात, शब्द तोच. पोरांना अतिशयोक्ती पाहिजे असते, जितकी जास्त तितकी बरी, पण तो मजकूर नवरीकडच्या गटातही जाणार असेल तर अर्धा काढावा लागतो. मॅडमना सरांची एखादी सवय पाहिजे असते, जी सगळ्यांना माहीत आहे आणि सरांनाही आवडते. म्हणून विचारतो: हसायचं कोणावर, तो समोर बसलेला असेल का, आणि त्याच्या शेजारी कोण?

यात एक मागणी मी मान्य करत नाही. पुष्कळ जण म्हणतात, "वऱ्हाडीत करा, आपोआप हसतात लोक." 'मले', 'तुले', 'काऊन' लिहिल्यानं काही मजेशीर होत नाही. आमच्या आईबापांनी याच बोलीत कर्ज फेडलं, पोरी नांदायला पाठवल्या. भाऊंची उधारी याच बोलीत मागितली, त्यात कोणी हसलं नाही. मॅडमच्या भाषणातही वऱ्हाडी आली, पण सर जिथं खरंच वऱ्हाडीत बोलायचे तिथंच: उशिरा आलेल्या पोराला फाटकाशी उभं करून, "जेवला काय बे?" असं विचारायचे ते. एवढंच वाक्य ठेवलं, त्यांच्याच शब्दांत. बाकीचं भाषण मॅडम जशा बोलतात तशा साध्या मराठीत.